तारीख दिली, पण त्या दिवशी कोर्टच बंद

ऑर्डरच्या शेवटच्या ओळीत चार-पाच शब्द जास्त लिहायला काय जातं, हे मला कुणीतरी समजावून सांगा. 'सुट्टी असल्यास लगतच्या कामकाजाच्या दिवशी.' एवढं लिहिलं असतं तर तालुक्याच्या कोर्टात आमच्यासारख्यांचे हेलपाटे वाचले असते. पण नाही. नुसती तारीख टाकायची, सही ठोकायची, पुढचा पुकारा. मग ती तारीख सुट्टीत गेली की पक्षकाराने बसावं बोटं मोडत.

आमचा दावा वाटणीचा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तारीख पडली २०/११/२०२४, साक्षीपुराव्यासाठी. दिवस बुधवार, कॅलेंडरवर लाल खूण नाही, सगळं व्यवस्थित. मग १५ ऑक्टोबरला निवडणूक आयोगाने विधानसभेचा कार्यक्रम जाहीर केला आणि मतदान नेमकं २० नोव्हेंबरला. मतदानाला सुट्टी हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की त्या दिवशीच्या बोर्डावर, म्हणजे कामाच्या यादीत, जेवढी प्रकरणं होती त्यांचं पुढे काय, हे महिनाभर हातात असूनही कुणी पक्षकाराला सांगितलं नाही. वेबसाइट उघडली की तीच २० तारीख, निर्लज्जपणे तिथेच.

त्यात ती तारीख वाचणं हाच एक ताप. कागदावर एक तारीख असते का? हुकूम झाला ती एक, नकलेचा अर्ज दिला ती एक, नक्कल तयार झाली ती एक, मिळाली ती एक, आणि यांच्या गर्दीत खाली कोपऱ्यात घाईघाईने खरडलेली पुढची तारीख. हाताने लिहिलेल्या १ ला शेपटी लांब आली की त्याचा ९ होतो. ११ की १९, ओळखा पाहू! शेजारच्या टेबलावर विचारलं तर कारकून चष्म्याच्या वरून बघतो, जणू आपण त्याच्याकडे हातउसने मागतोय.

वेबसाइटवर वेगळा घोळ. eCourts वर सीएनआर नंबर टाकला (सोळा अक्षर-अंकांचा असतो, पहिल्याच कागदावरून उतरवून ठेवा) की प्रकरणाचा इतिहास तक्त्यात येतो. त्यात `Business on Date` आणि `Hearing Date` असे दोन रकाने शेजारी-शेजारी. पहिल्यात कामकाज झालं तो दिवस, दुसऱ्यात त्या दिवशी दिलेली पुढची तारीख. आमच्या चुलत्यांच्या मुलाने पहिला रकाना वाचून 'तारीख होऊन गेली की!' असा फोन केला, घरात रडारड. वर ठळक `Next Hearing Date` दिसतं तेवढं बघायचं, आणि पहिल्या रकान्यातल्या तारखेवर बोट दाबून त्या दिवशीचा मजकूर उघडून तो ऑर्डरशी ताडून बघायचा. दोन्हींत फरक निघाला तर रोजनामा, म्हणजे प्रकरणात रोज काय झालं त्याची कोर्टातली नोंद, बघायला कोर्टातच जावं लागतं. मोबाइलवरच्या तारखेवर भरवसा ठेवून घरी बसलो, हे कोर्टाला सांगून काही उपयोग होत नाही, कारण ती माहिती प्रमाणित नाही असं त्या साइटनेच लिहून ठेवलंय.

बरं, सुट्टी आली तर कायदा काय म्हणतो? १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम १० म्हणतं की एखादी गोष्ट कोर्टात ठरावीक दिवशी करायची असेल आणि त्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर कोर्ट पुन्हा उघडेल त्या पहिल्याच दिवशी केली तरी वेळेत केली असं धरलं जाईल. दावा, अपील यांच्या मुदतीसाठी १९६३ च्या मुदत कायद्यात कलम ४ आहे, तेही हेच बोलतं. ऐकायला छान. पण नीट वाचा. कागद दाखल करायचा असेल तर या कलमांनी तुम्ही वाचलात. तुमची सुनावणी दुसऱ्याच दिवशी होईल, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सुनावणी कधी, हे ठरवणार ते कोर्ट. काही ठिकाणी सुट्टीचं बोर्ड दुसऱ्या दिवशी घेतात, काही ठिकाणी सगळी प्रकरणं एकगठ्ठा उचलून पुढच्या तारखांना वाटून टाकतात. कुठली पद्धत कुठे, हे कुठे लावलेलंच नसतं, दाराच्या बाहेरच्या फळ्यावर तर सोडाच.

म्हणून २१ तारखेला, गुरुवारी, आम्ही गेलो. साक्षीला आलेले आबा पहाटेच्या एसटीने उतरले, गुडघे धरून जिना चढले. बेंच क्लार्क म्हणाले, "तुमची नवीन तारीख पडलीय, ८ जानेवारी."

"कुणी सांगितलं नाही साहेब."

"वेबसाइटला येईल ना संध्याकाळपर्यंत."

संध्याकाळपर्यंत! आबांना परत गावाला न्यायची एसटी दुपारी तीनची.

माझा वकील शांत माणूस. तो म्हणाला, पुरसीस दे. म्हणजे एका पानावर लिहायचं की नेमलेल्या तारखेला सार्वजनिक सुट्टी होती, वादी साक्षीदारासह आज हजर आहेत, याची नोंद रोजनाम्यात व्हावी. दोन प्रती, एकावर पोच. याचा उपयोग असा, की पुढे कुणी 'वादी गैरहजर' म्हणून दावा काढून टाकला, तर तो पुन्हा चालू करून घेण्याच्या अर्जाला जोडायला हातात काही असतं. आणि त्या अर्जाला मुदत तीस दिवसांची, दावा काढून टाकल्याच्या दिवसापासून. तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नव्हे. नव्या तारखेची कुणी कुणाला खबर देत नाही, पण तीस दिवसांचा काटा मात्र टिकटिकत असतो. किती सोय, बघा.

सगळ्यात चीड येते ती 'पुढील तारखेपर्यंत जैसे थे' या वाक्याची. आमच्या बांधाच्या शेतावर असाच हुकूम होता. तारीख गेली सुट्टीत, नवीन पडली दीड महिन्याने. मधल्या काळात हुकूम जिवंत की मेला? समोरची पार्टी म्हणते, २० ला संपला. आम्ही म्हणतो, कोर्टच उघडलं नाही तर संपेल कसा? दोघांचेही वकील आपापल्या बाजूने बरोबर बोलतात, आणि बांधावर फाळ लावायला उतावळा झालेला माणूस कुणाचीच वाट बघत नाही. तसा हुकूम असेल तर मी आता सांगतो, कोर्ट उघडलं त्या पहिल्याच दिवशी मुदतवाढीचा अर्ज टाकायचा आणि 'पुढील आदेशापर्यंत' असे शब्द मागायचे. 'पुढील तारखेपर्यंत' वर समाधान मानायचं नाही. आम्ही त्या गुरुवारीच अर्ज टाकला म्हणून शेत अजून जसंच्या तसं आहे.

आणि सुट्टी ऐनवेळी बदलते तेव्हा तर विचारूच नका. २०२४ मध्ये मुंबई आणि उपनगरात ईद-ए-मिलादची सरकारी सुट्टी १६ सप्टेंबरऐवजी १८ ला केली, कारण अनंत चतुर्दशी १७ ला होती. शासनाचा निर्णय येतो, कोर्टाचं परिपत्रक वेगळं असतं, आणि सरकारी सुट्टी, बँकेची सुट्टी, कोर्टाची सुट्टी या तीन वेगळ्या याद्या. शिवाय दुसरा-चौथा शनिवार, उन्हाळी, दिवाळी. आम्ही काय उच्च न्यायालयाचं कॅलेंडर गळ्यात बांधून फिरायचं?

फिरायचंच, दुसरं काय. आता तारीख मिळाली की मी पहिल्यांदा ते कॅलेंडर काढतो, मग दोन दिवस आधी साइट, आदल्या दिवशी वकिलाला फोन. ८ जानेवारीला काय झालं विचारताय? जज्जसाहेब रजेवर.