दोन हात पुढे मारून भागत नाही

«ट्रॅप, स्कीट, स्पोर्टिंग क्ले, नावं तीन पण खेळ एकच. बंदूक आधीच खांद्याला लावून ठेवा, तबकडीच्या दोन हात पुढे मारा, फुटलीच समजा.»

बंदुकीने उडत्या तबकड्या फोडण्याच्या खेळाबद्दल असा सल्ला दिला जातो, पण तो सगळीकडे लागू पडत नाही. खांद्यापासून सुरुवात करू. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये हा सल्ला बरोबर आहे. तबकडी १५ मीटर पुढच्या खंदकातून सुटते आणि लांब पळते. डावीकडे जाईल की उजवीकडे, हे आधी कळत नाही. अशा वेळी बंदूक वर आणण्यात वेळ घालवणं परवडत नाही, म्हणून दस्ता खांद्यात आणि गाल दस्त्यावर बसवूनच तबकडी सोडण्याची हाक देतात. ऑलिंपिक स्कीटमध्ये मात्र तसं उभं राहणं नियमातच बसत नाही. तबकडी दिसेपर्यंत दस्ता जॅकेटवरच्या पट्टीशी, कमरेजवळ ठेवावा लागतो, आणि हाक दिल्यावर तबकडी ३ सेकंदांपर्यंत कधीही सुटते. तिचा मार्ग मात्र ठरलेला असतो. त्यामुळे नळी तबकडीच्या वाटेवर सरकत असतानाच दस्ता खांद्यात येतो. आधी बंदूक लावून मग तबकडी शोधू लागलात, की नळी मागे पडते आणि ती गाठायला हिसका बसतो.

आता ‘दोन हात’. स्कीटमध्ये उभं राहायच्या जागा ठरलेल्या असतात. त्यांतल्या चौथ्या जागेवरून तबकडी सुमारे १९ मीटरवर समोरून आडवी जाते. छर्‍यांना तिथे पोचायला साधारण ०.०५५ सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला २२ मीटरने जाणारी तबकडी सव्वा मीटर सरकते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन हात. दोन हात पुढे मारलंत तर छर्‍यांच्या कडेने ती कदाचित फुटेल. पण तीच बंदूक, तेच काडतूस घेऊन सातव्या जागेवर जा आणि तबकड्या फेकणार्‍या दोन घरांपैकी खालच्या घरातली तबकडी मागवा. ती तुमच्यापासून जवळपास सरळ दूर जाते, तिथे लीड, म्हणजे तबकडीच्या पुढे मारायचं अंतर, जवळजवळ शून्य. दोन हात पुढे मारलंत तर सगळे छर्रे बाजूने जातील. वेग तोच, बदलला फक्त कोन. ट्रॅपमध्येही सरळ जाणार्‍या तबकडीला आडवं लीड लागत नाही, तिरक्या जाणारीला लागतं.

आणखी एक. मागून येऊन तबकडी ओलांडताना घोडा दाबणार्‍याची नळी तबकडीपेक्षा जोरात फिरत असते, म्हणून त्याला लीड कमी दिसतं. पुढे राहून बरोबरीने नळी फिरवणार्‍याला पूर्ण सव्वा मीटर दिसतं. दोघंही खरंच सांगतात, म्हणून दुसर्‍याचं माप उसनं घेऊन चालत नाही.

स्पोर्टिंगमध्ये तर ‘पुढे’ म्हणजे कुठे, हेच बदलतं. टील नावाची उभी वर जाणारी तबकडी माथ्यावरून पडू लागली, की लीड तिच्या खाली द्यावं लागतं. बॅटू ही पातळ तबकडी आधी कडेवर असते, जेमतेम दिसते. मग पालथी होऊन रुंद दिसते आणि लगेच खाली वळते. तिथेही नुसतं पुढे मारलं तर छर्रे वरून जातात.