योगाचार: मनसुद्धा शेवटी उरत नाही

‘योगाचार म्हणजे आपल्याकडचा आयडियलिझमच. जग खोटं, मन खरं. तत्त्वज्ञ बर्कलीने अठराव्या शतकात जे सांगितलं ते वसुबंधूंनी हजारभर वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं. आलयविज्ञान म्हणजे त्यांचा परमात्माच.’

योगाचार या बौद्ध संप्रदायाबद्दल आणि त्याचे आचार्य वसुबंधू यांच्याबद्दल असं म्हटलं जातं. इथे ‘विज्ञान’ म्हणजे सायन्स नव्हे, जाणीव. यातलं जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. बाह्य वस्तू सिद्ध होत नाही, हे वसुबंधू खरोखरच म्हणतात. ‘विंशतिका’मध्ये त्यांनी अणुवादाची केलेली कोंडी बघा. एका अणूला सहा दिशांनी सहा अणू येऊन चिकटले, तर त्याला सहा बाजू आहेत असं म्हणावं लागतं. मग तो निरवयव राहिला कुठे? बरं, सहाही अणू त्याच्याच जागेत सामावले म्हटलं, तर अख्खा ढीग एका अणूएवढाच राहील आणि डोळ्यांना दिसणारच नाही. इथपर्यंत बर्कलीशी त्यांचं जमतं.

फरक पडतो तो पुढच्या पावलावर. बर्कलीच्या 1710च्या ग्रंथात कल्पना परावलंबी आहेत, पण त्या अनुभवणारा आत्मा खरा आहे. तो क्रियाशील, अविभाज्य द्रव्य आहे. म्हणजे पाहिली जाणारी वस्तू गेली तरी पाहणारा शाबूत राहतो.

योगाचार काय करतो, हे ‘त्रिस्वभावनिर्देश’ या वसुबंधूंच्या नावावर असलेल्या छोट्या ग्रंथातल्या एका दृष्टांतात स्वच्छ दिसतं. जादूगार मंत्राच्या जोरावर लाकडाच्या ठिकाणी हत्ती दाखवतो. हत्ती मुळीच नाही, तो परिकल्पित. हत्तीचा भास मात्र कारणांमुळे उत्पन्न झालेला आहे, तो परतंत्र. आणि त्या भासात हत्तीचा कायमचा अभाव आहे, तो परिनिष्पन्न. आता या दृष्टांतात हत्ती कशाच्या जागी आहे? बहुतेक जण पटकन ‘बाहेरच्या जगाच्या’ असं म्हणतात, मीही बरीच वर्षं तसंच वाचत होतो. ग्रंथाचं उत्तर मात्र ‘द्वय’ असं आहे: ग्राह्य आणि ग्राहक, पाहिलं जाणारं आणि पाहणारा, ही जोडी. खोटं ठरतं ते हे दोघं मिळून. मंत्राच्या जागी मूलविज्ञान, म्हणजे आलयविज्ञानच, आहे आणि लाकडाच्या जागी तथता, म्हणजे जसं आहे तसं वास्तव. ज्याला बर्कली अढळ पाया मानतो तो द्रष्टाच इथे हत्तीचा अर्धा भाग आहे!

परमात्म्याचा मुद्दा तर आणखी लंगडा आहे. कोणी बघत नसताना झाड कसं टिकतं, याचं बर्कलीचं उत्तर ईश्वराचं मन. वसुबंधूंपुढचा आक्षेप वेगळा होता: वस्तूच नाही तर अनेकांना एकच गोष्ट कशी दिसते? त्यांनी प्रेतयोनीत जन्मलेल्या जीवांचं उदाहरण दिलं. पुवाने भरलेली नदी एकट्या प्रेताला दिसत नाही, त्या योनीतल्या सगळ्यांना दिसते, कारण त्यांच्या कर्माचा विपाक सारखा आहे. पुढे ते असंही सांगतात की वेगवेगळे विज्ञानप्रवाह एकमेकांवर प्रभाव टाकतात. या उत्तरात सर्वांना धरून ठेवणारं एक महामन कुठेच लागत नाही. प्रवाह अनेक आहेत, आणि ज्याचा त्याचा वेगळा.

आलयविज्ञान हा त्याच प्रवाहाचा खोल थर. मागच्या कर्मांची बीजं त्यात साठतात, पिकतात, नवी पडतात. वसुबंधूंची ‘त्रिंशिका’ त्याला पुरासारखं वाहणारं म्हणते आणि अर्हत्त्व, म्हणजे मुक्तावस्था, मिळालं की ते थांबतं असंही सांगते. थांबणारा परमात्मा कोणाला चालेल? उलट, क्लिष्ट म्हणजे मलिन झालेलं मन या आलयालाच ‘मी’ समजून बसतं, आणि योगाचाराच्या दृष्टीने मूळ चूक तीच. संधिनिर्मोचन सूत्र या योगाचाराच्या आधारग्रंथात तर बुद्धांच्या तोंडी असं आहे की हे सूक्ष्म विज्ञान मी अज्ञ लोकांना सांगितलं नाही, न जाणो ते त्यालाच आत्मा मानून बसतील. म्हणजे हा गैरसमज त्यांना तेव्हाच दिसत होता.

बर्कलीऐवजी जर्मन तत्त्वज्ञ कांटशी तुलना करायची तर ती निराळी करावी लागेल, सगळे आयडियलिस्ट एका पोत्यात घालून चालणार नाही. कांटला ज्ञानाच्या अटी शोधायच्या आहेत. योगाचाराला पाहण्याची सवयच पालटायची आहे, त्याला ते आश्रयपरावृत्ती म्हणतात आणि त्यासाठी ध्यानाचा मार्ग सांगतात.

राहिलं ‘मन खरं’. ‘त्रिंशिका’च्या सत्ताविसाव्या कारिकेत या वाक्याचीच दखल घेतली आहे. ‘हे सगळं केवळ विज्ञप्ती, म्हणजे जाणिवेतला भास, आहे’ असं म्हणून जो तेही समोर काहीतरी मांडून ठेवतो, तो त्या ‘केवळ’मध्ये स्थिर झालेलाच नाही, कारण त्याने अजून एक वस्तू पकडून ठेवली आहे. पुढची कारिका सांगते: विज्ञान कुठलंच आलंबन धरत नाही तेव्हाच ते विज्ञप्तिमात्रतेत असतं, कारण ग्राह्य नसेल तर ग्राहकही नसतो.