विज्ञान प्रदर्शन असं भरवा, म्हणजे विज्ञान जवळपास फिरकणार नाही

डिसेंबर आला की आमच्या खानदेशात दोन गोष्टी हमखास होतात. शेतात भरताच्या पार्ट्या झडतात आणि शाळांत विज्ञान प्रदर्शनं भरतात. गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका शाळेनं दोन्ही एकाच दिवशी उरकलं. माझी सातवीतली पोरगी तिथं टेबलामागे उभी होती, आणि मी नको तितका वेळ तिथं होतो. तेव्हा पुढच्या वर्षी ज्यांच्या गळ्यात हे काम पडणार आहे त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल.

मांडणीचे नियम आदल्या दिवशी संध्याकाळी फळ्यावर लिहा. टेबल चार फुटांचं मिळणार की दोन मुलांत एक बाक, हे पोरांना सकाळीच कळू द्या. आयत्या वेळी शोध लावणं म्हणजेच विज्ञान.

उद्घाटनाची वेळ दहाची ठेवा, म्हणजे पाहुणे पावणेबाराला येतील. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, नारळ.

आता मुख्य काम, परीक्षण. प्रकल्प बहात्तर असले तरी परीक्षक दोनच बोलवा. जास्त बोलावले तर तितक्या शाली लागतात. दोघांनाही सगळे प्रकल्प बघायला सांगा आणि जेवण दीडला ठेवा. आमच्याकडे फेरी बारा चाळीसला सुरू झाली, म्हणजे हातात पन्नास मिनिटं. एका प्रकल्पाला सरासरी जेमतेम बेचाळीस सेकंद आले, आणि एका टेबलावरून दुसऱ्यावर जायचा वेळही त्यातच.

पोरीनं काय केलं होतं ते सांगतो. चार-चार लिटरची दोन सारखी मडकी, एकाच कुंभाराकडची. एकाला बाहेरून ऑइलपेंट लावला, दुसरं कोरं ठेवलं. दोन्हींत रोज सकाळी सारखंच पाणी भरून ओट्यावर सावलीत शेजारी शेजारी ठेवायची आणि दुपारी तीनला थर्मामीटर बुडवायचा. असं बारा दिवस. एका दिवशी हवा २९ अंश, रंगवलेल्या मडक्यातलं पाणी २७ आणि कोऱ्यातलं २१. मडक्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. रंगानं छिद्रं बुजली की हे सगळं थांबतं. खात्री करायला तिनं किराणा दुकानाच्या काट्यावर दोन्ही मडकी सकाळ-संध्याकाळ मोजली. कोरं मडकं दिवसभरात चारशे ग्रॅम हलकं व्हायचं, रंगवलेलं जेमतेम दहा. एके दिवशी आभाळ आलं, हवा दमट झाली, तर दोघांत फक्त दोन अंशांचा फरक पडला. पोरगी रडकुंडीला आली, म्हणाली प्रयोग बिघडला. मी म्हटलं, बिघडला नाही बाई, हाच खरा पुरावा, तसाच लिही. तिनं लिहिला.

परीक्षक आले. पहिला प्रश्न : "मॉडेल कुठंय?" दुसरा : "यात लाईट वगैरे काही लागत नाही का?" पोरीनं वही पुढं केली. साहेबांनी ती बाजूला सारून मडक्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "मडक्यात पाणी गार होतं हे सगळ्यांनाच माहीत आहे बाळा." आणि गेले. पुढच्या खोलीतून भरताचा वास येत होता, पुऱ्या गार होत होत्या. त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही.

संध्याकाळी तिची आजी आली. चष्मा सावरून वही पानोपान बघितली आणि म्हणाली, "मडकामा पानी थंड व्हस हाई माले बी माहीत शे. पन कितलं थंड व्हस हाई माले नई माहीत व्हतं." त्या अख्ख्या दिवसात प्रदर्शन कशासाठी असतं हे कळलेली ती एकच व्यक्ती, आणि ती चौथी शिकलेली.

पहिला नंबर कुणाला? हात पुढं केला की झाकण उघडणाऱ्या कचऱ्याच्या डब्याला. झाकण कशानं उघडतं असं मी त्या मुलाला सहज विचारलं, तर तो मागं उभ्या असलेल्या पप्पांकडे बघायला लागला. पप्पांनी सांगितलं. छान सांगितलं. म्हणूनच पालकांच्या भेटीची वेळ परीक्षकांच्या फेरीबरोबरच ठेवा. नाहीतर उत्तरं पोरांना द्यावी लागतात.

सुरक्षेचं फार मनावर घेऊ नका. एक ज्वालामुखी हवाच, तोही नारिंगी पुडीचा. ठिणग्या उडतात, हिरवी राख खोलीभर पसरते, टाळ्या पडतात. ती पूड अमोनियम डायक्रोमेट असते, तिच्यातलं क्रोमियम श्वासातून जाणं कर्करोगाला निमंत्रण असतं, वगैरे बारकावे सोडून द्या. खायचा सोडा आणि व्हिनेगर यांनी कुठं टाळ्या पडतात!

विजेसाठी वर्गातलं एकच प्लग पॉइंट पुरतं. त्याला एक्स्टेंशन बोर्ड, त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, त्यामुळे सवयीनं हिशोब झाला. साधं पॉइंट सहा अँपिअरचं, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. त्यावर वाफेच्या इंजिनासाठी हजार वॅटची शेगडी आणि शेजारी पाणी तापवायचा हजाराचा रॉड. झाले पावणेनऊ अँपिअर, बाकीचे पंखे-दिवे वेगळेच. पिनचा टॉप हाताला चटका देत होता, वायर गुंडाळीतच होती आणि जळक्या माशासारखा वास सुटला होता. तो वास माशाचा नसतो, प्लॅस्टिक तापल्याचा असतो. दोनदा फ्यूज उडाला. तिसऱ्यांदा शिपाईमामांनी फ्यूजच्या किटकॅटमध्ये चांगली जाड तार बांधली. आता फ्यूज उडणार नाही म्हणाले. खरंय, आता वायरच जळेल.

पुरे झालं.

अहो, फ्यूज आपल्याला त्रास द्यायला उडत नाही! वायरच्या आधी त्यानं जळावं यासाठीच तो असतो. त्या खोलीत चाळीस पोरं होती, दार एक, आणि त्या दारात स्वागताचं टेबल आडवं. शेगडी-रॉड ज्याला हवा त्याला सोळा अँपिअरचं वेगळं पॉइंट द्या, नसेल तर सांगा की हा प्रकल्प चालणार नाही. एवढं नाही म्हणता येत नाही तुम्हाला?

आणि परीक्षणाचं गणित अवघड आहे का? सहा शिक्षक बोलवा, शेजारच्या शाळांतलेच. तीन जोड्या करा, प्रत्येकीला चोवीस प्रकल्प द्या. पाच मिनिटं एकाला धरली तरी दोन तासांत संपतं. एक जोडी सढळ हातानं गुण देते, दुसरी हात आखडते, म्हणून प्रत्येक जोडीचे पहिले चार काढा आणि ते बारा सहाही जणांनी मिळून बघा. हे सगळं सकाळी साडेनऊला, उद्घाटनाच्या आधी. खोलीत फक्त पोरं आणि परीक्षक. पहिला प्रश्न "वही दाखव". पालक दोननंतर, पोरं जेवल्यावर. आमची पोरं चारपर्यंत उपाशी उभी होती, परीक्षकांनी मात्र भरीत दोनदा मागून घेतलं. शाल-नारळ ज्याला द्यायचाय त्याला संध्याकाळी द्या.

आणि तो आग विझवायचा लाल सिलिंडर. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत, ट्रॉफ्यांच्या कपाटात, कुलपाआड आहे. काचेतून दिसतो. काटा हिरव्या पट्ट्यात हवा, तो लाल पट्ट्यात पडलाय. सोमवारी जाऊन सांगितलं, "बघतो" म्हणाले. आज शनिवार. सकाळीच डोकावून आलो, अजून तिथंच आहे.