दोन लूपचा शोध नेहमीच संथ असतो का?

“मजकुरात पॅटर्न शोधायला दोन लूप लावले की टाइम लिमिट जाणारच. नेहमी केएमपी किंवा हॅशच लिहा.”

हे सरसकट खरं नाही. बाहेरचा लूप मजकुरातली एकेक जागा घेतो, आतला तिथून पॅटर्नची अक्षरं ताडतो आणि पहिलं न जुळणारं अक्षर आलं की थांबतो. साध्या मजकुरात ते बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या अक्षरालाच येतं. शिवाय 1,000 अक्षरांत 20 अक्षरांचा पॅटर्न शोधायचा असेल, तर अगदी वाईट वेळीही तुलना 20,000 च्या आतच राहतात. तिथे साधा कोडच लिहावा, चुका कमी होतात.

घात होतो तो एकाच अक्षराच्या रांगेत. मजकूर म्हणजे 1,00,000 वेळा `a`, आणि पॅटर्न म्हणजे 49,999 वेळा `a` नि शेवटी `b`. इथे प्रत्येक जागी फरक शेवटच्या अक्षरालाच कळतो, म्हणून तुलना अडीचशे कोटींवर जातात.

केएमपी आधी पॅटर्नचा तक्ता बनवून हेच टाळतं. तक्त्यातला प्रत्येक आकडा सांगतो, तिथपर्यंतच्या तुकड्याची शेवटची किती अक्षरं त्याच्याच सुरुवातीशी जुळतात. `ababc` चा तक्ता `0 0 1 2 0`. `abababc` मध्ये `abab` जुळलं, पुढे `c` हवा तिथे `a` आला. चार अक्षरांसाठी तक्ता 2 सांगतो, म्हणजे शेवटचं `ab` हीच पॅटर्नची सुरुवात. मजकुरात मागे न जाता तोच `a` पॅटर्नच्या तिसऱ्या अक्षराशी ताडायचा. तो जुळतो, मग `b`, मग `c`.

रोलिंग हॅशमध्ये अक्षरांऐवजी तुकड्यांवरून काढलेले आकडे ताडतात. त्याबाबत मात्र सावध राहा: हॅश सारखा आला तरी अक्षरं वेगळी असू शकतात. खात्री हवी तर तिथे अक्षरं ताडून पाहावीच लागतात.