‘१०० ची टाइल २२५ ला पडली’ या अभिप्रायावर दुकानाकडून उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: “टाइलचा दर १०० धरला तर लावून झाल्यावर चौरस फुटाला २२५ पडले. खोली १३ बाय १०, म्हणजे १३० फूट. माथी मारली १७६ फूट! सगळे १० टक्के वेस्टेज धरतात, यांनी ३५ टक्के धरलं. अ‍ॅडेसिव्हच्या तीन गोण्या सांगून पाच आणायला लावल्या. वर स्कर्टिंगचे वेगळे. एक तारा देतोय, तोही नाइलाजाने.”

नमस्कार. तुमचं बिल आणि मिस्त्रींनी काढलेला खोलीचा कच्चा नकाशा समोर घेऊन बसलोय. दोन गोष्टींत चूक आमची आहे, त्या पुढे येतीलच. टाइलचा दर १०० धरायची तुमची पद्धत सोयीची आहे, मीही तेच प्रमाण ठेवतो.

आधी वेस्टेज. टाइल ६०० बाय ६०० मिमीची, सांधा २ मिमीचा, म्हणजे एक घर ६०२ मिमी. तुमची १० फुटांची बाजू ३०४८ मिमी भरते. तिच्यात पाच अख्ख्या टाइल बसतात आणि भिंतीपाशी ३८ मिमी उरतात. जेमतेम दोन बोटं रुंदीची पट्टी! ती कापताना तुटते, आणि भिंत जराशी जरी तिरकी असली तरी एका टोकाला ३८ तर दुसऱ्या टोकाला २५ दिसते. दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. म्हणून मिस्त्रींनी मधे चार अख्ख्या टाइल घेतल्या आणि दोन्ही भिंतींना सुमारे ३२० मिमीचे सारखे तुकडे लावले. हे त्यांनी तुम्हाला दाखवून केलं होतं, पण त्याने टाइल किती वाढतात हे कुणी सांगितलं नाही, एवढं मला मान्य आहे.

वाढतात त्या अशा. ३२० चा तुकडा अर्ध्या टाइलपेक्षा मोठा. उरलेल्या भागातून दुसरा ३२० चा निघत नाही, त्यामुळे प्रत्येक तुकड्याला एक अख्खी टाइल कापावी लागते. १३ फुटांच्या बाजूलाही तेच झालं: सहा अख्ख्या आणि एक ३५० चा तुकडा. म्हणजे सात गुणिले सहा, ४२ टाइल. त्यातल्या १८ कापाव्या लागल्या.

१० टक्क्यांचा आडाखा मोठ्या हॉलला बहुतेक वेळा पुरतो, कारण तिथे कडेच्या टाइल एकूण टाइलच्या मानाने थोड्या असतात. लहान खोलीत मोठी टाइल आली की तो कोलमडतो. टक्केवारी आधी ठरवून टाइल काढण्याऐवजी कागदावर चौकटी आखून टाइल मोजाव्यात आणि टक्केवारी शेवटी काढावी. मापं मिमीमध्येच घ्यावीत. फुटांत तुमची १० फुटांची बाजू ‘दोन फुटी पाच टाइल’ अशी बरोबर बसल्यासारखी वाटते आणि ती ३८ मिमीची पट्टी कागदावर दिसतच नाही.

कापून उरलेला माल मात्र कचऱ्यात गेला नाही. लांब भिंतींच्या कडेचे १२ तुकडे उरले, प्रत्येक साधारण २८० बाय ६०० चा. एकातून १०० मिमी उंचीच्या दोन पट्ट्या, म्हणजे २४ पट्ट्या. दार वगळून तुमची स्कर्टिंग ४३ फूट, तिला २२ पट्ट्या लागल्या. वेगळी टाइल घेतली नाही. बारीक पट्टी ठेवूनच लावलं असतं, तर स्कर्टिंगसकट दहा बॉक्स लागले असते, आता अकरा लागले. बारीक पट्टी टाळण्याची खरी किंमत एवढीच, एक बॉक्स. ४४ पैकी दोन टाइल तुमच्याकडे शिल्लक आहेत, त्या टाकू नका. पुढे एखादी फुटली तर त्याच लॉटची, त्याच छटेची टाइल मिळेलच असं नाही.

आता आमची पहिली चूक. आम्ही बॉक्स १६ फुटांचा लावला. ६०० मिमी म्हणजे पुरते दोन फूट नव्हेत, चार टाइलचा बॉक्स भरतो १५.५ चौरस फूट. अकरा बॉक्सला साडेपाच फूट जास्त लागले, म्हणजे आपल्या प्रमाणात ५५०. ते परत करतोय. बाजारात १६ चाच हिशोब चालतो ही सबब मी देणार नाही, बॉक्सवर चौरस मीटरमध्ये १.४४ छापलेलं असतं.

दुसरी चूक अ‍ॅडेसिव्हची. पावडर एका चौरस मीटरला, एक मिमी थराला साधारण १.४ किलो लागते. तुमची खोली १२ चौरस मीटर, थर ३ मिमी, म्हणजे ५० किलोच्या आसपास, २० किलोच्या अडीच गोण्या. तीन म्हणून सांगितल्या. पण जमीन पाहिलीच नव्हती. काम सुरू झाल्यावर दोन मीटरची पट्टी टेकवली, तर दाराजवळ खाली ८ मिमीची फट. खड्डा अ‍ॅडेसिव्हने भरत गेलो, सरासरी थर सहाच्या जवळ गेला आणि गोण्या पाच झाल्या. खड्डे आदल्या दिवशी वेगळे भरून घ्यायला हवे होते. ते स्वस्त पडतं, आणि जाड थर सुकताना आक्रसून टाइल खाली बसण्याची भीतीही राहत नाही. दर सांगण्याआधी पट्टी टेकवायची, हे आता आमच्या माणसांना पक्कं सांगितलं आहे. वाढीव दोन गोण्यांपैकी एकीचे पैसे आमच्याकडे. दुसरी तुमच्या जमिनीनेच खाल्ली, खड्डे वेगळे भरले असते तरी तेवढा खर्च आलाच असता.

मजुरीबद्दल तुम्ही काही म्हटलं नाही, पण बिल तपासताना सगळ्यात आधी पाहावं ते हेच. मजुरी कितीने गुणली? तुमची १३० ने गुणली आहे, लागलेल्या जागेने. काही ठिकाणी विकत घेतलेल्या फुटांवर लावतात. तुमच्या खोलीत ५० च्या दराने तो फरक ४६ फुटांचा, म्हणजे २३०० झाला असता. सरळ कटिंग त्या ५० मध्येच धरलं आहे. स्कर्टिंग वेगळी लावली, कारण एका तुकड्यातून निघणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एकीलाच कारखान्याची धार मिळते. दुसरीची कापलेली कड वर येते, ती घासून गुळगुळीत करावी लागते. तिचा दर धावत्या फुटाला २५, एकूण १०७५.

तुमचा २२५ चा आकडा असा बनला आहे: टाइल १७६००, गोण्या ७०० प्रमाणे ३५००, मजुरी ६५००, स्कर्टिंग १०७५, ग्राउट आणि स्पेसर ५२०. बेरीज २९१९५, भागिले १३०. पण स्कर्टिंग भिंतीवर आहे, ती फरशीच्या फुटांत घातली की दर उगाच फुगतो. ती बाजूला काढली, ५५० आणि एक गोणी वजा केली, तर फरशीचा खरा दर २०७ च्या आत येतो. १०० वरून २०७ हा आकडा मोठाच आहे, आणि तो टाइल पसंत करतानाच तुमच्यासमोर यायला हवा होता.

परत द्यायची रक्कम १२५० होते. बिल घेऊन या, दुरुस्त करून देतो. नकाशाची प्रतही ठेवली आहे, तुकडे त्यावर मोजून पाहा. कुठे एखादी टाइल जास्त धरलेली आढळली तर तीही वजा करू.