‘विक्री ४० टक्क्यांनी वाढवली’: ही ओळ मुलाखतीत का टिकत नाही

नोकरी शोधणाऱ्या मुलांमध्ये असा एक मेसेज फिरतो: “रिझ्युमेच्या प्रत्येक ओळीत आकडा पाहिजेच. आठवत नसेल तर अंदाजे मोठा टाका, कोणी तपासत बसत नाही. शक्यतो टक्केवारीच लिहा, ती रुपयांपेक्षा भारी दिसते. आणि सेल्समध्ये नसाल, नुसते कॅशवर किंवा हेल्पलाइनवर असाल, तर ‘उत्तम ग्राहकसेवा’ लिहून मोकळे व्हा, तुमच्याकडे आकडे नसतातच.”

कपड्यांच्या दुकानांत मी अकरा वर्षं काढली, त्यातली सहा स्टोअर मॅनेजर म्हणून. काउंटरसाठी, फ्लोअरसाठी माणसं निवडायचं काम माझ्याकडे होतं. हा मेसेज वाचून आलेली मुलं मी समोर बसलेली पाहिली आहेत, म्हणून लिहिते आहे.

सुरुवात टक्केवारीपासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

एक मुलगी आली होती. लेडीज कुर्त्यांच्या सेक्शनला दोन वर्षं काम केलेली. रिझ्युमेत पहिलीच ओळ: ‘२०२४ मध्ये विक्री ४० टक्क्यांनी वाढवली.’ मी विचारलं, “कधीच्या तुलनेत?” ती म्हणाली, “मॅडम, सप्टेंबरला माझ्या कोडवर तीन लाख झाले होते, ऑक्टोबरला चार लाख वीस हजार.” हिशेब बरोबर होता, चाळीस टक्केच होतात. पण २०२४ ला १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि लगेच पितृपक्ष लागला, तो २ ऑक्टोबरपर्यंत. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कित्येक घरांत नवे कपडे घेतच नाहीत. म्हणजे सप्टेंबरचा निम्मा महिना मुळातच थंड. मग १२ ऑक्टोबरला दसरा, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, म्हणजे दिवाळीची जवळजवळ सगळी खरेदी ऑक्टोबरात. त्या ऑक्टोबरात दारातल्या पुतळ्यानंही विक्री वाढवली असती. समोर बसलेल्या कुठल्याही मॅनेजरला हे तोंडपाठ असतं, आणि ती ओळ तिथेच पडते.

बरं, मग मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरशी तुलना करायची का? तीही फसते. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. त्या वर्षी दिवाळीची अर्धी गर्दी नोव्हेंबरात गेली. आपल्या धंद्यात इंग्रजी महिना दुसऱ्या वर्षीच्या त्याच महिन्यासमोर ठेवता येत नाही, सण सणासमोर ठेवावा लागतो. लक्ष्मीपूजनापर्यंतचे वीस दिवस यंदाचे आणि वीस दिवस मागचे, असं.

तिच्या मोबाइलमध्ये दोन्ही वर्षांचे इन्सेन्टिव्हचे शीट होते. प्रत्येक बिलावर विक्री करणाऱ्याचा कोड पडतो, त्यामुळे तिची बिलं वेगळी काढता येत होती. आम्ही तिथेच बसून मांडलं. २०२३ च्या वीस दिवसांत २५० बिलं, ३७५ कपडे, ३ लाख १२ हजार ५०० रुपये. २०२४ च्या वीस दिवसांत २४० बिलं, ४३२ कपडे, ३ लाख ३६ हजार. विक्रीतली वाढ साडेसात टक्के. तिचा चेहरा उतरला. मला मात्र तिच्याबद्दल पहिल्यांदा उत्सुकता वाटली.

कारण बिलं दहा कमी होऊनही पैसे जास्त आले होते. एका बिलामागे कपडे दीडवरून १.८ वर गेले होते, बिलाची सरासरी १,२५० वरून १,४०० वर. कपड्यांच्या किमती वाढल्या म्हणून हे झालं असेल का, हे बघायला रुपये भागिले कपडे केलं: ८३३ वरून ७७८. म्हणजे कपड्यामागची सरासरी किंमत उतरली होती. तिनं महागडा माल खपवला नव्हता, स्वस्त जास्तीचा नग जोडला होता. “काय करायचीस?” म्हटल्यावर ती अगदी सहज म्हणाली, “बाई कुर्ता घेऊन ट्रायलला निघाली की मी मॅचिंग लेगिंग आणि ओढणी हातात द्यायचे. आत गेल्यावर परत बाहेर येऊन कोण शोधणार?”

आणखी दोन गोष्टी विचारल्या. त्या वर्षी जोडीनं घेतल्यास सूट अशी ऑफर होती का? दोन्ही वर्षी सारखीच होती. आणि बाकीच्या मुलींचं काय? दुकानाची सरासरी दोन्ही दिवाळ्यांत दीडच्या आसपासच राहिली होती. म्हणजे हा बदल बाजाराचा नव्हे, ऑफरचा नव्हे, तिचा. ओळ आम्ही अशी केली:

‘कुर्ता ट्रायलला नेताना मॅचिंग लेगिंग-ओढणी सोबत देऊन, दिवाळीच्या २० दिवसांत एका बिलामागचे कपडे १.५ वरून १.८ वर नेले (२०२३ च्या दिवाळीच्या तुलनेत; दुकानाची सरासरी १.५).’

यात चाळीससारखा मोठा आकडा नाही, टक्क्याचं चिन्हसुद्धा नाही. पण काय केलं, काय बदललं, कशाच्या तुलनेत, हे तिन्ही त्यात आहे. यावर पुढचा प्रश्न विचारला तरी तिला उत्तर येतं, कारण ते तिनं रोज हातानं केलेलं काम आहे. रिझ्युमे इंग्रजीत लिहिणार असाल तरी मांडणी हीच ठेवा.

टक्के वाईट असतात असं नव्हे. टार्गेटच्या बाबतीत टक्केच बरे. ‘१२ पैकी ९ महिने टार्गेट पूर्ण, वर्षाची सरासरी १०४ टक्के’ ही ओळ चांगली, शिवाय त्यात आधीच्या दुकानाची उलाढाल उघडी पडत नाही. दुकानाची एकूण विक्री, मार्जिन हे रिझ्युमेत लिहू नये. जो आधीच्या मालकाचे आकडे माझ्यासमोर ठेवतो तो उद्या माझेही ठेवेल, असं मनात येतंच. पण पाया लहान असला की टक्के सोडून द्या. महिन्याला चार तक्रारी यायच्या, दोन यायला लागल्या, तर ‘४ वरून २’ लिहा. ‘५० टक्के घट’ लिहिलंत तर पहिला प्रश्न ‘किती वरून किती?’ हाच येतो, आणि उत्तर दिल्यावर तुम्ही उगाच फुगवून सांगितल्यासारखं दिसतं.

आता तपासण्याबद्दल. कोणी तुमच्या जुन्या दुकानाचा सिस्टिम रिपोर्ट मागवत नाही, हे खरं. त्याची गरजच पडत नाही. एका मुलानं कॅशिअर म्हणून ‘रोज ५०० बिलं’ लिहिलं होतं, किराणा सुपरमार्केटमधला अनुभव. नऊ तासांच्या शिफ्टमधून जेवण, चहा, सुरुवातीची आणि शेवटची रोकड मोजणी वजा केली तर हातात सात तास उरतात, म्हणजे ४२० मिनिटं. पाचशे बिलं म्हणजे एका बिलाला पन्नास सेकंद, सकाळपासून रात्रीपर्यंत एकही सेकंद न थांबता. एवढ्यात तूरडाळीपासून साबणापर्यंत वीस वस्तू स्कॅन करायच्या, भाजीचं वजन बघायचं, पिशवी हवी का विचारायचं आणि यूपीआयचा ‘टिंग’ वाजेपर्यंत थांबायचं! हेच हेल्पलाइनचं. ‘रोज १५० कॉल’ आणि पुढच्याच ओळीत ‘सरासरी कॉल ६ मिनिटं’ लिहिलेलं मी पाहिलंय. गुणाकार केला की पंधरा तास होतात.

अशा वेळी मुलगा खोटारडा आहे असं मला वाटायचं नाही. बहुतेकदा त्यानं सगळ्या काउंटरची मिळून बिलं स्वतःच्या नावावर लिहिलेली असायची, किंवा दिवाळीतला एक दिवस धरलेला असायचा. पण तेवढ्यानं बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटायचं.

आकडा आठवत नसेल तर तो शोधता येतो. इन्सेन्टिव्ह मिळाला असेल तर पगाराच्या स्लिपमध्ये महिन्यागणिक दिसतो, त्यावरून किती महिने टार्गेट झालं ते निघतं. शिफ्टचं वेळापत्रक, टीमच्या ग्रुपवर रोज रात्री पडणारे विक्रीचे मेसेज, ‘महिन्याचा सर्वोत्तम’ म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र, हे सगळं जुन्या फोनमध्ये असतं. नोकरी सोडायच्या आधीच आपले स्वतःचे आकडे वहीत उतरवून ठेवा. कंपनीच्या स्क्रीनचे फोटो काढून नेऊ नका. काहीच सापडलं नाही तर पल्ला लिहा: ‘रोज साधारण १५० ते १८० बिलं, सणात जास्त.’ असा पल्ला वाचून कोणी नाराज होत नाही, उलट काम केलेला माणूस असाच बोलतो.

कॅश आणि हेल्पलाइनवाल्यांना आकडे नसतात, हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. अहो, कॅशिअरच्या कामाचा तर रोज रात्री हिशेब होतो! ड्रॉवरमधली रोकड सिस्टिमशी जुळवतात. कमी पडली तर शॉर्ट, जास्त भरली तर एक्सेस, आणि दोन्हींची नोंद होते. चौदा महिने काम, आठवड्याला एक सुट्टी, म्हणजे महिन्याला साधारण २६ शिफ्ट. रजा वजा जाता सुमारे ३४०. त्यात फरक किती वेळा आला आणि केवढा, हे कॅशिअरला स्वतःला पक्कं आठवतं, कारण शॉर्ट बऱ्याच ठिकाणी त्याच्याच खिशातून भरून घेतात. ‘सुमारे ३४० शिफ्टमध्ये रोकड फरक ३ वेळा, प्रत्येक वेळी ५० रुपयांच्या आत.’ मला कॅशवर माणूस हवा असेल तर याहून चांगली ओळ मी कुठे शोधू?

हेल्पलाइनवर तर प्रत्येक मिनिट मोजलं जातं. तिथे काळजी वेगळी घ्यायची. नुसतं ‘कॉलची सरासरी वेळ ७ मिनिटांवरून ५ वर आणली’ लिहिलं तर वाचणाऱ्याला शंका येते, की ग्राहकाला घाईनं वाटेला लावलं असेल आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून दुसऱ्या कुणावर ओरडला असेल. म्हणून वेळेच्या आकड्याला कामाच्या दर्जाचा आकडा जोडावा: पहिल्याच कॉलमध्ये सुटलेल्या तक्रारींचं प्रमाण, किंवा क्वालिटी टीमनं कॉल ऐकून दिलेले गुण. ‘कॉल ७ वरून ५ मिनिटांवर आणले, क्वालिटी गुण ८८ वरून ९१’ असं असेल तर शंकाच उरत नाही. वेळ कमी झाली आणि गुणही घसरले असतील, तर ती ओळ लिहूच नका, दुसरं काही लिहा.

राहिला प्रत्येक ओळीत आकडा. एका नोकरीखाली तीन-चार ओळी असतात, त्यातल्या दोनांत खरा आकडा असला तरी भागतं. नव्या मुलांना बिलिंग शिकवलं, चिडलेल्या ग्राहकाचा एक्स्चेंज न भांडता मिटवला, नव्या दुकानाची पहिली स्टॉक मोजणी केली, ही कामं साध्या वाक्यातच चांगली कळतात. त्यांना ओढूनताणून आकडा चिकटवला की ‘ग्राहक समाधान १०० टक्के’ असलं काहीतरी तयार होतं. एक्स्चेंजच्या काउंटरवर एक रविवार काढलेल्या कुणालाही ते पटणार नाही.