अर्धा विद्यार्थी उपस्थित होता

शिबिराचा अहवाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला वाटले होते की आकडे गोळा करणे अवघड जाईल. आकडे एका दुपारी मिळाले. पुढचे तीन दिवस क्रियापदात गेले.

पहिलेच वाक्य मी निर्धास्तपणे लिहिले होते : ‘वर्गातील निम्मे विद्यार्थी शिबिरास उपस्थित होते.’ अहवाल तपासणारे सर व्याकरणाचे भोक्ते आहेत, म्हणजे इतरांच्या व्याकरणाचे. त्यांनी ‘होते’भोवती लाल वर्तुळ काढून विचारले, “निम्मा म्हणजे एकच भाग ना? मग अनेकवचन कशाला?” मी नम्रपणे सांगितले की आपल्या भाषेत ‘निम्मा’ हे विशेषण आहे, ते पुढच्या नामाच्या तालावर नाचते आणि क्रियापदही त्या नामाकडेच पाहते : निम्मा वर्ग आला, निम्मी मुले आली, निम्म्या मुली आल्या. शिवाय ‘विद्यार्थी’ हा शब्द एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच दिसत असल्याने, सरांचे ऐकून ‘अर्धा विद्यार्थी उपस्थित होता’ असे छापले, तर वाचणारा भागाचा विचार करणार नाही. तो उरलेला अर्धा विद्यार्थी कुठे गेला, असे विचारील. सरांनी इंग्रजीचा आधार घेऊन पाहिला, पण तिथेही ‘हाफ ऑफ द स्टुडंट्स’नंतर ‘आर’च येते आणि ‘हाफ ऑफ द वॉटर’नंतर ‘इज’. म्हणजे अर्ध्याला स्वतःचे वचन तिथेही नाही.

खरा प्रसंग पुढच्या वाक्यात होता : ‘विद्यार्थिनींपैकी ४० टक्के उपस्थित होत्या.’ सरांचे म्हणणे असे की ‘पैकी’ लागल्याने ‘विद्यार्थिनी’ सामान्यरूपात गेल्या, आता त्यांना क्रियापदावर हुकूम चालवता येणार नाही. उरला तो ‘टक्के’, आणि तो पुल्लिंगी अनेकवचनी, म्हणून ‘होते’. तर्क बिनचूक होता, फक्त वाक्य कानाला लागत होते. टक्क्याला अहवालात स्वतःचे लिंग सहसा मिळत नाही : ४० टक्के वेळ वाया गेला, ४० टक्के जागा रिकामी राहिली, ४० टक्के काम उरले. इथेही ‘४० टक्के’नंतर ‘विद्यार्थिनी’ हा शब्द न लिहिता राहिला आहे, आणि क्रियापद त्या अदृश्य शब्दाशी जुळते आहे. सरांना अदृश्य कर्ता मान्य नव्हता. शेवटी मी ‘विद्यार्थिनींच्या उपस्थितीचे प्रमाण ४० टक्के होते’ असे लिहिले आणि वाद तात्काळ मिटला, कारण सरांना हवे असलेले पुल्लिंगी अनेकवचनी ‘होते’ आणि मला हवे असलेले, ‘प्रमाण’शी जुळणारे नपुंसकलिंगी एकवचनी ‘होते’ ही दोन्ही दिसायला हुबेहूब एकच आहेत. अहवालांमध्ये ‘प्रमाण’ हा शब्द इतका लाडका का, हे मला त्या दिवशी कळले.

तिसऱ्या दिवशी कालावधी आला. मी लिहिले, ‘तयारीस दीड महिना लागला.’ सर म्हणाले, “एकापेक्षा जास्त म्हणजे अनेकवचन. दीड महिने लागले.” इंग्रजीत ‘वन अँड अ हाफ’नंतर महिन्यांचे अनेकवचन होते, हे खरेच, पण मराठी माणूस सव्वा महिना आणि दीड महिना म्हणतो, आणि पावणेदोनला पोहोचला की मात्र ‘पावणेदोन महिने’ म्हणतो. याचे कारण, मला वाटते, नावातच आहे : पावणेदोन उच्चारताच दोन हजर होतात, दीडमध्ये ते ऐकू येत नाहीत. सरांनी ‘दीड महिने’ दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले आणि काही न बोलता पान उलटले.

अशा रीतीने शुद्ध झालेला अहवाल मुख्याध्यापिका मॅडमकडे गेला. त्यांचा व्याकरणाशी संबंध नाही, त्या गणित शिकवतात. त्यांनी पहिले वाक्य वाचले, खालचा तक्ता पाहिला (३६ विद्यार्थ्यांपैकी २०, २५ विद्यार्थिनींपैकी १०) आणि विचारले, “एकूण ६१ ना? ६१ चे निम्मे किती?”

सरांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती एकवचनी होती. मी ‘निम्मे’ खोडून ‘६१ पैकी ३० विद्यार्थी उपस्थित होते’ असे लिहिले, आणि या वाक्यातील ‘होते’ला कोणीही वर्तुळ काढले नाही.